गाडी रांगते तेव्हा गिअरबॉक्समध्ये नेमके काय झिजते?

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या गाडीचा क्लच अवघ्या ३८ हजार किलोमीटरवर संपला. तो नागपुरात वर्धमाननगरला राहतो आणि त्याचे कार्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. म्हणजे रोज सी. ए. रोडने रेल्वे स्थानकापर्यंत, तिथून रामझुला हा उड्डाणपूल चढून जयस्तंभ चौकाकडे, आणि संध्याकाळी त्याच मार्गाने परत. अंतर फार नाही, पण सकाळी साडेनऊला त्यातला अर्धा वेळ गाडी चालण्याच्या वेगानेही पुढे सरकत नाही. मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट हातात दिली तेव्हा तिच्या अस्तराचा रंग काळपट झाला होता, कडेला भुकटी धरली होती आणि ती प्लेट ज्याला चिकटते त्या इंजिनाच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, चकचकीत पृष्ठभागावर निळसर डाग उमटले होते. "भाऊ, ही प्लेट घासली नाही, जळली आहे," असे तो म्हणाला. पुढची गाडी ऑटोमॅटिकच घ्यायची, हे भावाने त्याच दिवशी ठरवले. कोणती ऑटोमॅटिक घ्यायची, हा प्रश्न मात्र त्याने माझ्यावर सोपवला, कारण गिअरबॉक्स उघडून पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

शोरूममध्ये याचे उत्तर मायलेज आणि किंमत यांच्या भाषेत मिळते. शहरात रोज ये-जा करणाऱ्या माणसाने त्याआधी वेगळाच प्रश्न विचारायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी ताशी तीन-चार किलोमीटरने रांगत असताना या गिअरबॉक्समध्ये घसरते काय, आणि त्या घसरण्यातून निर्माण होणारी उष्णता जाते कुठे? मॅन्युअल, आणि ऑटोमॅटिकमधले टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी व ड्युअल क्लच, या चारही प्रकारांच्या टिकाऊपणाविषयीच्या बहुतेक चिंता या एका प्रश्नाच्या उत्तरातून उलगडत जातात.

घसरणे अटळ का आहे, हे एका साध्या हिशेबाने कळते. इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांच्या खाली नीट चालत नाही, ते बंद पडते. एका लहान हॅचबॅक गाडीत पहिल्या गिअरचे आणि शेवटच्या दातांच्या जोडीचे गुणोत्तर मिळून इंजिनाच्या साधारण साडेचौदा फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो, आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १.९ मीटर पुढे जाते. म्हणजे ८०० फेऱ्यांना चाकाचे ५५ फेरे, मिनिटाला सुमारे १०५ मीटर, म्हणजेच ताशी सव्वासहा किलोमीटर. पहिला गिअर पूर्ण लागलेला असताना गाडीचा हा किमान वेग आहे. पुढची रिक्षा याहून हळू सरकत असेल, तर इंजिन आणि चाके यांच्यामध्ये काहीतरी घसरलेच पाहिजे, त्याला दुसरा मार्ग नाही. गाडी कोणत्याही कंपनीची असो, चालक कितीही कुशल असो, हा नियम बदलत नाही.

मॅन्युअल गाडीत घसरते ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी क्लच प्लेट, आणि ती कोरडी असते. इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर गाडी उचलली, तर गाडीला वेगामुळे जेवढी ऊर्जा मिळते जवळपास तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी १,५०० फेऱ्यांवर उचलली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडी ताशी सुमारे १२ किलोमीटरचा वेग गाठते आणि प्लेटवर साडेसहा किलोज्यूल उष्णता पडते. हीच गाडी ८०० फेऱ्यांवर हळूच उचलली, तर उष्णता दोन किलोज्यूलच्याही आत राहते. फेरे दुप्पट केले की उष्णता चौपट होते. सिग्नल सुटताच इंजिन घुमवून गाडी काढणारे दोन-तीन वर्षांत क्लच का बदलतात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

तरीही भावाचा क्लच सिग्नलवरच्या सुरुवातींनी जळला नव्हता. तो जळला रामझुल्याच्या चढावर. संध्याकाळी तिथे रांग लागली की भाऊ ब्रेक लावत नसे. अर्धा क्लच आणि थोडा ॲक्सिलरेटर यांच्यावर तो गाडी जागच्या जागी धरून ठेवत असे. आपल्याकडे याला हाफ क्लचवर धरणे म्हणतात आणि अनेक जण त्याला कौशल्य समजतात. दर शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरला, तर ही १,२०० किलोची गाडी मागे सरकू नये म्हणून क्लचमधून जेवढा जोर सतत जावा लागतो, त्यातून इंजिनाच्या १,००० फेऱ्यांवर दर सेकंदाला सुमारे १,३०० ज्यूल उष्णता निर्माण होते. घरातली इस्त्री पूर्ण तापवल्यावर जेवढी उष्णता देते, त्याहून ही जास्त आहे. नव्वद सेकंद असे उभे राहिले की क्लचवर ११५ किलोज्यूलपेक्षा जास्त उष्णता पडते. सपाट रस्त्यावरच्या १७ सुरुवातींइतकी झीज गाडी एक वीतभरही पुढे न जाता होऊन जाते. ही उष्णता घ्यायला फ्लायव्हील आणि क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मिळून पाच-सहा किलो लोखंड असते, आणि तेही बंद कवचात, जिथे वारा पोहोचत नाही. एका वेळी हे लोखंड चाळीस-पन्नास अंशांनी तापते आणि अस्तराचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त. बाहेर ४५ अंश असताना ते निवायच्या आतच पुढची रांग येते.

मॅन्युअलची जमेची बाजू अशी की हा सगळा मार एका स्वस्त वस्तूवर पडतो. क्लच संच कोणत्याही गल्लीतल्या चांगल्या मेकॅनिककडे एका दिवसात बदलून मिळतो आणि त्यामागचे गिअर बहुधा गाडीपेक्षाही जास्त टिकतात. क्लच संपत आल्याची खूण अशी आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. फेरे झटकन वर गेले आणि वेग मागे राहिला, तर प्लेट घसरत आहे. पेडल दाबताना खरखर ऐकू आली आणि सोडताच थांबली, तर संशय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर घ्यावा, प्लेटवर नाही.

आता टॉर्क कन्व्हर्टर. यात रांगताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घासणारी प्लेटच नसते. तिथे तेलाने भरलेले एक गोलाकार भांडे असते. त्यात इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल फेकतो आणि ते तेल समोरच्या पंख्याला फिरवते. गाडी ब्रेकवर उभी असली तरी इंजिन फिरत राहते, कारण तेल तेलावर घसरते. उष्णता इथेही निर्माण होते, आणि ती कमी नसते; डी मध्ये ब्रेक धरून उभ्या असलेल्या गाडीत ती दर सेकंदाला हजार ज्यूलच्या आसपास सहज जाते. फरक इतकाच की ही उष्णता पातळ अस्तरात साठत नाही. ती सहा-आठ लिटर तेलात पसरते, आणि ते तेल सतत फिरत रेडिएटरजवळच्या कूलरमधून निवून परत येते. रांगण्यामुळे काहीही झिजत नाही, फक्त तेल म्हातारे होते, आणि तेल बदलता येते. नागपुरातल्या बाजारपेठेत रोज रांगणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा हीच गाडी सुचवतो, याचे कारण एवढेच आहे.

पण तेल बदलता येते म्हणजे ते बदललेच पाहिजे, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे आहे, असे लिहिलेले असते किंवा तसे तोंडी सांगितले जाते. ज्यांचे आठ गिअरचे गिअरबॉक्स जगभर वापरले जातात, ती जर्मनीतली झेडएफ ही कंपनी मात्र स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. तेल जेवढे जास्त तापते तेवढे लवकर आंबते. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांमागे आंबण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणून नागपुरातल्या रांगत्या वापरासाठी मी ५० ते ६० हजारांचाच आकडा धरतो. तेल थकले की पहिला त्रास बहुतेकदा लॉक-अप क्लचमध्ये जाणवतो. कन्व्हर्टरच्या आत एक लहानशी प्लेट असते. रस्ता मोकळा झाला की ती दोन्ही पंखे जोडून टाकते, म्हणजे तेल विनाकारण घसरत नाही. तेल बिघडले की ही प्लेट थरथरत लागते. वर्धा रोडच्या दुमजली पुलावर ताशी ५५-६० ने, हलक्या पायाने जात असताना गाडी जणू रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी एक-दोन सेकंद थरथरली, तर टायर किंवा इंजिन तपासण्याआधी गिअरबॉक्सच्या तेलाचा विचार करावा. या टप्प्यावर, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे नवे तेल घातल्याने त्रास मिटण्याची बरीच शक्यता असते. पुढे ढकलले तर तीच प्लेट झिजून तिची भुकटी झडपांमध्ये जाते, आणि मग काम मोठे होते.

सीव्हीटीविषयी लोकांच्या मनात भीती जास्त आणि माहिती कमी आहे, त्यामुळे तिच्याकडे थोडे सावकाश पाहू. आज आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक सीव्हीटींमध्ये इंजिनानंतर आधी टॉर्क कन्व्हर्टरच असतो. म्हणजे सी. ए. रोडवर रांगताना घसरते ते तेलच. पट्टा घसरत नाही. सीव्हीटी शहरात लवकर जाते ही समजूत म्हणून निदान रांगण्यापुरती चुकीची आहे. खरा नाजूक भाग त्याच्या पुढे आहे. दोन शंकूसारख्या पुलींमध्ये एक पोलादी पट्टा असतो. नखाएवढ्या शेकडो पोलादी तुकड्यांची ती एक माळ असते आणि पातळ पोलादी कड्या तिला बांधून ठेवतात. पुलींचे गाल जवळ किंवा दूर सरकले की पट्टा वर-खाली चढतो आणि गुणोत्तर पायऱ्यांशिवाय बदलत जाते. हा पट्टा पोलादावर पोलाद अशाच पकडीवर चालतो, आणि ती पकड तेलाच्या दाबाने टिकते. या तेलाने भागांना वंगण द्यायचे असते, पण पट्टा घसरूही द्यायचा नसतो. म्हणूनच सीव्हीटीचे तेल वेगळे असते. त्यात साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले तर पकड बिघडते. आणि पट्टा एकदा घसरला, तर पुलीच्या आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडा उठतो, तो पुन्हा पट्ट्याला खातो, आणि त्यातून सुटलेले पोलादाचे कण तेलासोबत सगळीकडे फिरतात. क्लच प्लेट हळूहळू झिजते. इथे मात्र एका ओरखड्यातून पुढचे नुकसान वाढत जाते. शिवाय दुरुस्तीसाठी बहुतेकदा पूर्ण गिअरबॉक्सच बदलायला सांगतात.

पट्टा घसरण्याची परिस्थिती रांगण्यात सहसा येत नाही. ती अचानक आलेल्या धक्क्यात येते. पावसाळ्यात नव्या लेआउटमधल्या कच्च्या रस्त्यावर चाक चिखलात रुतते, चालक ॲक्सिलरेटर दाबून ते फिरवतो, आणि फिरणारे चाक एकाएकी कोरड्या मुरुमावर येऊन थांबते. त्या क्षणाचा धक्का सरळ पट्ट्यावर बसतो. गाडी मागे सरकत असतानाच डी लावणे हाही तसाच प्रकार आहे. सीव्हीटी घेणाऱ्याने या दोन सवयी सोडल्या आणि ४० ते ५० हजार किलोमीटरला त्याच प्रतीचे तेल बदलले, तर शांतपणे चालवणाऱ्या माणसाला ती वर्षानुवर्षे साथ देते. धोक्याची खूण कानाने ओळखता येते. वेगाबरोबर चढत जाणारा, पुंगीसारखा बारीक आवाज नव्याने सुरू झाला, किंवा ठरावीक वेगाने जाताना फेऱ्यांचा काटा उगाच वर-खाली हलू लागला, तर उशीर करू नये. जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांवर ई-सीव्हीटी असे लिहिलेले असते, पण त्यात हा पट्टा नसतोच. तिथे मोटारी आणि ग्रहमालेसारखे दातेरी चक्र असते. त्यामुळे पट्ट्याविषयीची भीती त्या गाड्यांना लावू नये.

राहिला ड्युअल क्लच. यात दोन क्लच असतात. एकाकडे एक, तीन, पाच, सात हे गिअर आणि दुसऱ्याकडे दोन, चार, सहा. पहिल्या गिअरमध्ये गाडी असतानाच दुसरा लावून ठेवलेला असतो, आणि गिअर बदलणे म्हणजे एक क्लच सोडून दुसरा धरणे. मोकळ्या रस्त्यावर याच्याइतका चपळ गिअरबॉक्स दुसरा नाही, हे मी मनापासून मान्य करतो. पण आपल्याकडच्या परवडणाऱ्या गाड्यांमध्ये येणारे बरेचसे ड्युअल क्लच कोरडे असतात. फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा डीएसजी आणि ह्युंदाई-किआच्या लहान टर्बो गाड्यांतला सात गिअरचा गिअरबॉक्स ही त्याची उदाहरणे. कोरडे म्हणजे पुन्हा तेच: पातळ अस्तर, बंद कवच, फिरते तेल नाही. ब्रेक थोडा सोडून गाडी रांगू दिली की संगणक स्वतःच हाफ क्लच करतो. भाऊ रामझुल्यावर पायाने जे करत होता, तेच हे यंत्र बिनतक्रार, दररोज, तुमच्या नकळत करते. फरक असा की इथला क्लच संच गल्लीत बदलून मिळत नाही, त्याला खास हत्यारे आणि नंतर संगणकावर जुळणी लागते, आणि खर्च लाखाच्या आसपास जाऊ शकतो.

ही चिंता निराधार नाही. फोक्सवॅगनला २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८० हजारांहून जास्त गाड्या डीएसजीच्या बिघाडांमुळे परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या शेवटी सात गिअरच्या त्याच गिअरबॉक्समधले कृत्रिम तेल काढून खनिज तेल घालण्याची मोठी मोहीम अनेक देशांत निघाली. त्यात रोख क्लचपेक्षा त्याला चालवणाऱ्या यंत्रणेवर आणि तिच्या विद्युत भागांवर होता. फोर्डने आपल्याकडे इकोस्पोर्टमध्ये आधी कोरडा ड्युअल क्लच दिला होता. २०१७ च्या नव्या रूपात त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आला. ओले ड्युअल क्लचही असतात. टाटाच्या अल्ट्रोझमधला तसा आहे. ते तेलात बुडालेले असल्यामुळे रांगणे बरेच जास्त सोसतात, पण ते तेल वेळेवर बदलावे लागते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीसाठी हा अवधी ६० हजार किलोमीटर ठरलेला आहे.

कोरडा ड्युअल क्लच घेतलाच असेल, तर एक सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडते. रांगेत इंच-इंच सरकू नये. ब्रेक पूर्ण दाबून थांबावे, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो. समोर दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्यावी, आणि मग एकदाच ताशी आठ-दहाच्या वर नेऊन पुन्हा पूर्ण थांबावे. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरू नये. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, तर कडेला घेऊन पी लावावा, इंजिन चालू ठेवून ती जाईपर्यंत थांबावे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नव्याने थरथरत निघू लागली, तर वॉरंटीच्या मुदतीतच ते लेखी नोंदवून घ्यावे.

भावाने शेवटी सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची वापरलेली गाडी पाहायला सुरुवात केली. त्याचा मार्ग नवीन बाह्यवळणावरून बुटीबोरीकडे जाणारा असता, तर मी त्याला ड्युअल क्लचपासून परावृत्त केले नसते. आणि त्याचे बजेट कमी असते, तर चढावर हँडब्रेक वापरायला शिकवून पुन्हा मॅन्युअलच घ्यायला लावली असती. पण वापरलेली गाडी नागपुरात घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती चारही प्रकारांना लागू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा शहरात अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी वर एक छोटी नळी असते. गाडी तिच्यापेक्षा खोल बुडाली की पाणी तेलात उतरते. मॅन्युअलमध्ये तेल लगेच काढून नवे भरले तर बहुधा निभावते. ऑटोमॅटिकमधल्या क्लचचे कागदासारखे अस्तर मात्र पाणी शोषून फुगते आणि पुढे काही महिन्यांत सुटू लागते. सीव्हीटीच्या पुलीला गंज धरतो.

म्हणून आम्ही प्रत्येक गाडीचे तेल आधी पाहिले. लिफ्टवर चढवून तेलाची पातळी तपासायच्या बोल्टमधून थोडे तेल काढले आणि पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकले. निरोगी तेल लालसर किंवा वापराने तपकिरी असते, पण पारदर्शक राहते. पाणी गेले असेल तर ते दुधाळ, गुलाबी सायीसारखे दिसते. जळले असेल तर काळे पडून करपलेल्या टोस्टसारखा वास येतो. पहिल्या गाडीचा थेंब दुधाळ निघाला, आणि विकणाऱ्याने मग कबूल केले की ती गाडी त्या रात्री दरवाजाच्या कडीपर्यंत पाण्यात होती. दुसऱ्या गाडीचा थेंब तपकिरी, स्वच्छ होता आणि धातूची भुकटी ओढून धरणाऱ्या गिअरबॉक्समधल्या चुंबकावर फक्त बारीक राखाडी लेप होता, कण नव्हते. ती ६४ हजार किलोमीटर चाललेली होती. भावाने तीच घेतली, आणि घरी नेण्याआधी तेल बदलून घेतले.